बांधकामाच्या विजेचा अर्ज: चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घराचे बांधकाम काढायचे ठरले की माणूस आधी आर्किटेक्टकडे जातो, मग बँकेत जातो, मग सिमेंट-सळईचे भाव काढतो. विजेची आठवण होते ती पाया खणून झाल्यावर, बोअरवर मोटर बसवायची वेळ येते तेव्हा. मग शेजाऱ्याच्या ओट्यावरून एक वायर ओढली जाते आणि 'दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे' म्हणत काम सुरू होते. या सोयीची किंमत बहुतेक वेळा शेजाऱ्याला मोजावी लागते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे ती सोडून दुसऱ्या जागेत, किंवा ज्या कारणासाठी मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कारणासाठी वापरली, तर तो अनधिकृत वापर ठरतो. अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधी सुरू झाला हे कळले नाही तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची धरली जाते. तारेवर आकडा टाकला तर ती थेट चोरी. ती कलम १३५ खाली येते आणि तिथे फौजदारी गुन्हा दाखल होतो.

सरळ रस्ता अवघड नाही. बांधकामापुरती तात्पुरती जोडणी मागता येते. राज्याच्या बहुतेक भागात त्यासाठी महावितरणकडे जायचे. मुंबईत भागानुसार बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर. नव्या जोडणीचा ठरावीक नमुन्यातला अर्ज असतोच, तो महावितरणच्या www.mahadiscom.in या संकेतस्थळावरून किंवा उपविभाग कार्यालयातून भरता येतो. पण त्या नमुन्याच्या रकान्यांत बांधकामाची हकीकत मावत नाही. ती सांगायला सोबत एक विनंतीपत्र लागते, आणि अर्ज अडतो किंवा पुढे सरकतो तो बऱ्याच वेळा या पत्रावर.

पत्र कसे लिहायचे हे कळण्यासाठी ते वाचणाऱ्याचे काम काय असते ते पाहावे. शाखेतल्या अभियंत्याला तुमच्या अडचणीची कल्पना असते, त्याला विनवणी नको असते. त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात. जागा कोणाची आहे? वीज नेमकी कुठे हवी आहे आणि ती कोणत्या पोलवरून देता येईल? भार किती? आणि ती कशासाठी, किती दिवस हवी आहे? पत्रात या चारांची उत्तरे असली तर त्याला तुम्हाला परत बोलवायचे कारण उरत नाही. एक जरी सुटले तर कागदावर शेरा पडतो, 'त्रुटी पूर्तता करावी', आणि फाईल तुमच्याकडे परत येते.

जागा कोणाची

कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार वीज मागू शकतो. म्हणून अर्ज मालकाच्याच नावाने असावा. ठेकेदार 'मी माझ्या नावावर मीटर घेतो, तुम्ही काळजी करू नका' असे म्हणतो तेव्हा ते सोयीचे वाटते. पण मग अनामत रक्कम त्याच्या नावावर राहते, बिल त्याच्या नावाने येते, आणि काम अर्धवट सोडून तो गेला तर थकबाकीचा प्रश्न तुमच्या जागेवर उभा राहतो.

गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मालमत्ता पत्रक किंवा कर पावती, ही मालकीची कागदे. सोबत बांधकाम परवानगीची प्रत आणि ओळखपत्र. सर्वांत जास्त अर्ज अडतात ते सामाईक उताऱ्यावर. वडिलोपार्जित जागेच्या उताऱ्यावर तीन भावांची नावे असतात आणि अर्ज एकाचा असतो. अशा वेळी बाकी दोघांचे संमतीपत्र पहिल्याच दिवशी जोडावे. नंतर आणू म्हटले की त्याच कागदासाठी पंधरा दिवस जातात, कारण एखादा भाऊ पुण्यात नोकरीला असतो आणि त्याला सही करायला गावी यायला सवड नसते.

नेमकी कुठे

'गट नंबर अमुक' एवढ्यावर अभियंत्याला जागा सापडत नाही. नव्या वसाहतीत प्लॉटला घर क्रमांकही नसतो. त्यासाठी दोन सोप्या खुणा आहेत. एक, शेजारच्या घराच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक. तो लिहिला की कार्यालयाच्या नोंदीत त्या घराची वीज कोणत्या डीपीवरून येते हे सापडते. दुसरी, जवळच्या पोलवर आणि डीपीवर रंगवलेला क्रमांक. तो मोबाईलवर फोटो काढून घ्यावा आणि पत्रात उतरवावा.

पोलपासून मीटरच्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहावे. यावरच ठरते की नुसती सर्व्हिस वायर टाकून भागेल की मध्ये एखादा पोल उभा करावा लागेल. पोल लागला तर खर्चही वाढतो आणि दिवसही. मीटर कुठे बसवायचा तेही आधी ठरवावे. ती जागा रस्त्याकडून दिसणारी, पाणी न साचणारी आणि विटा-वाळूच्या गाड्या वळतात त्या बाजूपासून दूर असावी. विटांचा छोटा खांब बांधून वर पत्रा टाकला की ते काम भागते.

प्लॉटवरून किंवा लगत विजेची तार जात असेल तर ते पत्रात जरूर सांगावे. घर वर चढत जाते तशी तार जवळ येते. सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर हवी. लोखंडी सळया उचलून उभ्या करताना हे अंतर क्षणात संपते. तार हलवायची असेल तर तो वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च असतो, म्हणून तो विषय स्लॅबच्या आधीच निघालेला बरा.

भार किती

इथे बहुतेक जण अंदाजाने आकडा टाकतात. त्यापेक्षा यंत्रांची यादी करावी. एक उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळच्या एका गावात दोन गुंठ्यांचा मोकळा प्लॉट, त्यावर खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. बोअरची मोटर दीड एचपीची. एक एचपी म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट, तेव्हा ही झाली १.१. काँक्रीटसाठी एक एचपीचा व्हायब्रेटर, ०.७५. फरशी कापायचा कटर १.४. ग्राइंडर आणि ड्रिल मिळून ०.८. दिवे आणि वॉचमनच्या खोलीतला पंखा ०.२५. बेरीज ४.३ किलोवॅट.

ही सगळी यंत्रे एका वेळी चालत नाहीत. स्लॅबच्या दिवशी मोटर, व्हायब्रेटर आणि दिवे, म्हणजे २.१ किलोवॅट. फरशीच्या दिवसांत मोटर, कटर, ग्राइंडर आणि दिवे, म्हणजे साडेतीनच्या आसपास. तरी पत्रात पूर्ण यादी देऊन थोडी जागा ठेवून पाच किलोवॅट मागावे. कमी मागितले तर कटर आणि मोटर एकदम लागली की फ्यूज जातो, व्हायब्रेटर ऐन काँक्रीटमध्ये बंद पडतो, आणि मंजुरीपेक्षा जास्त भार हा पुन्हा तपासणीत निघणारा दोष ठरतो. वेल्डिंगचे काम जागेवरच होणार असेल तर त्याची नोंद वेगळी करावी. वेल्डिंग मशीन अचानक मोठा प्रवाह ओढते, आणि एका फेजवर ते चालवले तर शेजारच्या घरांतले दिवे मंद होतात. खिडक्यांच्या ग्रील फॅब्रिकेटरच्या दुकानातच बनवून आणल्या तर हा प्रश्न राहत नाही.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. कलम ४७ प्रमाणे कंपनी वाजवी अनामत मागू शकते आणि ती अंदाजे वापरावर ठरते. आपल्या उदाहरणात बांधकामाच्या दिवसांत मोटर रोज दोन तास चालली तर २.२ युनिट आणि दिव्यांचे सव्वा युनिट, म्हणजे रोज साडेतीन आणि महिन्याला शंभरेक युनिट. फरशीच्या महिन्यात कटर तीन तास आणि ग्राइंडर एक तास धरला तर रोज सुमारे साडेआठ, म्हणजे कामाच्या २६ दिवसांत २२० युनिट. हा हिशेब पत्रासोबत असला की अनामत फार जास्त लावली आहे असे वाटल्यास बोलायला आधार मिळतो.

कशासाठी आणि किती दिवस

वापराचे कारण 'घरगुती' असे लिहू नये. घर पुढे राहण्याचे असले तरी आज त्या जागेत बांधकाम चालू आहे, आणि बांधकामाचा वापर दरपत्रकात व्यापारी, म्हणजे बिगरघरगुती वर्गात येतो. घरगुती लिहून स्वस्त दर मिळवला आणि तपासणीत ते उघड झाले तर पुन्हा तेच कलम १२६.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. जागेत आधीपासून तुमचा घरगुती मीटर असेल आणि त्याच जागेत तुम्ही वाढीव बांधकाम किंवा दुरुस्ती करत असाल, तर वेगळी तात्पुरती जोडणी घ्यावी लागत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेल्या दरवर्गात ही तरतूद आलेली आहे. त्या महिन्याचा वापर ५०० युनिटांपर्यंत असेल तर बिल घरगुती दरानेच, आणि ५०० च्या वर गेला तर त्या महिन्यापुरते व्यापारी दराने. अर्ज करण्याआधी चालू दरपत्रकात हे कलम एकदा वाचून घ्यावे. वरच्या हिशेबाप्रमाणे एका लहान घराचे काम महिन्याला २२० युनिटांतही भागते. म्हणून वरचा मजला चढवणाऱ्याने किंवा मागे खोली काढणाऱ्याने नवीन जोडणी मागण्याआधी हा विचार करावा.

जुने घर पाडून तिथेच नवे बांधणारे लोक बऱ्याचदा आधी मीटर कायमचा बंद करून घेतात. तसे करू नये. भिंत पाडायची असल्याने मीटर जागेवरून हलवावा लागणार हे खरे. त्यासाठी त्याच प्लॉटमध्ये मीटर स्थलांतराचा अर्ज द्यावा आणि बांधकामात त्यावरून वीज वापरायची आहे, दर कोणता लागेल, असे त्याच पत्रात लेखी विचारून घ्यावे. मोकळ्या प्लॉटवर मात्र तात्पुरती जोडणी हाच मार्ग.

कालावधी लिहिताना तारखा द्याव्या, 'काम होईपर्यंत' असे लिहू नये. पावसाळ्यात प्लास्टर आणि बाहेरची कामे रेंगाळतात, तेव्हा दहा महिन्यांचे काम असेल तर बारा महिने मागावे. मुदत संपायच्या महिनाभर आधी वाढीचा अर्ज द्यायचा.

आता हे सगळे एकत्र करून पत्र कसे दिसते ते पाहू.

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, (उपविभागाचे नाव)

विषय: स्वतःच्या घराच्या बांधकामासाठी तात्पुरती वीजजोडणी मिळण्याबाबत.

महोदय,

मौजे (गाव), गट क्र. (—), प्लॉट क्र. (—) हा दोन गुंठ्यांचा प्लॉट माझ्या मालकीचा असून त्यावर राहत्या घराचे बांधकाम करण्यास ग्रामपंचायतीने परवानगी दिली आहे. या प्लॉटवर सध्या कोणतीही वीजजोडणी नाही आणि माझ्या नावे कोणतीही थकबाकी नाही.

बांधकामासाठी मला एक फेज, ५ किलोवॅट भाराची तात्पुरती जोडणी १ नोव्हेंबरपासून पुढील ३१ ऑक्टोबरपर्यंत हवी आहे. यंत्रांची यादी: बोअर मोटर १.५ एचपी, व्हायब्रेटर १ एचपी, फरशी कटर १.४ किलोवॅट, ग्राइंडर व ड्रिल ०.८ किलोवॅट, दिवे व पंखा ०.२५ किलोवॅट. वेल्डिंग मशीन वापरले जाणार नाही.

प्लॉटच्या पूर्वेस असलेल्या पोल क्र. (—) पासून मीटरची नियोजित जागा १८ मीटरवर आहे. शेजारील ग्राहकाचा ग्राहक क्रमांक (—). प्लॉटवरून कोणतीही वीजवाहिनी जात नाही. मीटरसाठी विटांचा खांब व पेटी मी तयार ठेवीन.

जोडणीचा वापर फक्त या प्लॉटवरील बांधकामासाठी होईल. काम पूर्ण झाल्यावर कायमस्वरूपी घरगुती जोडणीसाठी स्वतंत्र अर्ज करीन. कृपया जागेची पाहणी करून भरावयाच्या रकमेचे कोटेशन द्यावे, ही विनंती.

सोबत: ठरावीक नमुन्यातील अर्ज, मालकीचा उतारा, सहहिस्सेदारांचे संमतीपत्र, बांधकाम परवानगी, ओळखपत्र, जागेचा हातनकाशा, पोलचा फोटो.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, दिनांक)

या पत्रातले प्रत्येक वाक्य काहीतरी काम करते. थकबाकी नसल्याचे वाक्य असले की ती शंका निघत नाही. 'वेल्डिंग मशीन नाही' म्हटल्यामुळे अभियंत्याला एका फेजची मंजुरी द्यायला अडचण येत नाही. शेवटच्या ओळीत नेमके काय करावे ते सांगितले आहे: पाहणी आणि कोटेशन. 'गरीब माणूस आहे, लवकर मेहेरबानी व्हावी' या ओळींनी पत्र लांबते, फाईल पुढे जात नाही.

पत्र दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ऑनलाइन भरले असेल तर अर्ज क्रमांक जपून ठेवावा. कलम ४३ प्रमाणे नवीन तारा ओढाव्या लागणार नसतील तर अर्ज मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत वीज देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि नंतरच्या नियमांनी नव्या जोडणीच्या मुदती आणखी कमी केल्या आहेत. मुदत चुकल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. पण कायद्यात अर्ज म्हणजे सर्व बाबतींत पूर्ण असलेला आणि आवश्यक रक्कम भरल्याच्या कागदांसह दिलेला अर्ज. त्रुटी राहिली किंवा कोटेशन भरायला उशीर केला तर महिना मोजायला सुरुवातच होत नाही. आवक शिक्का नसला तर तक्रार करायलाही जागा राहत नाही. पूर्ण अर्ज देऊनही उत्तर आले नाही तर आधी उपविभागात लेखी स्मरणपत्र, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल असा क्रम आहे.

कोटेशन भरल्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो केवळ सहीचा कागद समजू नये. बांधकामावर विजेने होणारे अपघात मीटरच्या पुढच्या भागात होतात, आणि तो भाग आपल्या जबाबदारीचा असतो. मीटरच्या पुढे ३० मिलिअॅम्पियरचा ईएलसीबी बसवावा. सगळी यंत्रे ओल्या जमिनीवर चालतात, आणि माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागला तर तो तोडणारे साधन हेच. त्याच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, दाबताच वीज तुटली पाहिजे. अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा घ्यावा, उभ्या केलेल्या सळईला वायर गुंडाळून भागवू नये. केबल सळया आणि खडीखालून न नेता काठ्यांवरून उंच न्यावी. उघडे तारेचे टोक सॉकेटमध्ये काडीने खोचून यंत्र चालवताना दिसले तर काम तिथेच थांबवावे आणि प्लग बसवून घ्यावा. मुकादम नेहमी म्हणतो, 'साहेब, रोजचं काम आहे आमचं.' रोजचे असते म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

शेवटचा टप्पा लोक विसरतात, आणि त्याचे पैसे महिन्यामागून महिने भरत राहतात. घर पूर्ण झाले, वास्तुशांत झाली, माणसे राहायला आली, पण मीटर बांधकामाचाच राहिला, तर घरातल्या पंख्या-फ्रिजचे बिलही व्यापारी दराने येत राहते. म्हणून आतले वायरिंग संपताच परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट घेऊन घरगुती जोडणीचा अर्ज द्यावा. त्या अर्जात तात्पुरत्या जोडणीचा ग्राहक क्रमांक लिहावा आणि तीन गोष्टी स्पष्ट मागाव्या: तात्पुरत्या मीटरचे शेवटचे रीडिंग आपल्यासमोर घ्यावे, त्याचे अंतिम बिल द्यावे, आणि अनामत परत करावी किंवा नव्या जोडणीच्या अनामतीत वळती करावी. अनामतीवर कायद्याने व्याजही मिळते, ते अंतिम हिशेबात धरले आहे का ते तपासावे. रीडिंगचा फोटो तारखेसह ठेवला की पुढे वाद निघत नाही. नव्या मीटरचे पहिले बिल आले की त्यावरचा दरवर्ग वाचावा. तिथे घरगुती असे छापलेले दिसले की बांधकामासाठी घेतलेल्या विजेचा व्यवहार खऱ्या अर्थाने पूर्ण झाला.